जागा वाढली, खेपाही वाढल्या

अभ्यासास बसलेल्या एका विद्यार्थ्याचें मेज लहान आहे, आणि त्यावर एका वेळीं तीनच पुस्तकें उघडून ठेवतां येतात, अशी कल्पना करा. बाकीचीं पुस्तकें पलीकडच्या खोलींतील फडताळांत आहेत. चौथें पुस्तक लागलें कीं त्यास उठावें लागतें. मेजावरील एक पुस्तक उचलून फडताळांत ठेवावें लागतें आणि हवें तें घेऊन यावें लागतें. ही खेप त्यास टाळतां येत नाहीं. पण कोणतें पुस्तक परत न्यावें, हें मात्र सर्वस्वीं त्याच्या हातीं असतें. जें नेऊन ठेवलें तेंच पुढच्या क्षणीं लागलें, तर दुसरी खेप आलीच! म्हणून खेपा थोड्या व्हाव्या असें वाटत असेल, तर पुस्तक उचलण्याचा कांहीं एक नियम त्यास ठरवावा लागेल.

संगणकापुढेंही हाच प्रश्न असतो, आणि तो त्याच्यापुढें क्षणोक्षणीं येतो. संगणकाजवळ एक जलद स्मृति असते. तिला रॅम म्हणतात. तें त्याचें मेज होय. तिच्या मागें डिस्क नांवाचें विस्तीर्ण पण सावकाश चालणारें भांडार असतें; तें त्याचें फडताळ. चालू असलेले सारे प्रोग्रॅम मिळून जितकी जागा मागतात तितकी मेजावर असतेच असें नाहीं. यास्तव प्रत्येक प्रोग्रॅमचे सारख्या आकाराचे तुकडे पाडतात आणि त्या तुकड्यांस पानें म्हणतात. आजच्या बहुतेक संगणकांत असें पान ४,०९६ बाइटांचें असतें. देवनागरींतील एक चिन्ह साठविण्यास प्रचलित पद्धतींत तीन बाइट लागतात. तेव्हां अशा एका पानावर आपल्या लिपींतील सुमारें तेराशें चिन्हें मावतील. स्मृतींत एक पान बसेल अशा जागेस आपण चौकट म्हणूं. हवें असलेलें पान कोणत्याच चौकटींत सांपडलें नाहीं, म्हणजे यंत्र हातचें काम थांबवून तें डिस्कवरून आणवितें. या प्रसंगास संगणकशास्त्रांत 'पेज फॉल्ट' असें नांव आहे. नांव ऐकून यंत्रांत बिघाड झाला असा समज होण्याचा संभव आहे; पण तसें नव्हे, ती केवळ फडताळाकडे घातलेली एक खेप आहे, आणि या लेखांत आम्ही तिला खेपच म्हणणार आहोंत.

या खेपेची किंमत किती, हें पाहिल्यावांचून पुढील विवेचनाचें महत्त्व कळणार नाहीं. स्मृतींतील एखादी गोष्ट पाहण्यास यंत्रास जो वेळ लागतो, त्याच्या सुमारें एक लक्ष पट वेळ फिरत्या डिस्कवरून ती आणण्यास लागतो. मेजावरील पुस्तकांत पाहण्यास एक सेकंद लागला असें धरलें, तर फडताळाची एक खेप एक संपूर्ण दिवस उलटून गेल्यावर पुरी होईल. अलीकडे चक्राशिवाय चालणाऱ्या डिस्का आल्या आहेत. त्या पुष्कळच चपळ, तरी त्याच प्रमाणानें पंधरावीस मिनिटें घेतीलच. अशा स्थितींत हजारांत एक खेप वाढली तरी काम मंदावतें.

पानें आणि चौकटी यांची ही योजना नवी नाहीं. इंग्लंडांतील मँचेस्टर विद्यापीठांत १९६२ सालीं सुरू झालेल्या अ‍ॅटलस नांवाच्या संगणकांत ती प्रथम आली. त्याच्या मुख्य स्मृतींत १६,३८४ शब्द मावत. ५१२ शब्दांचें एक पान, या हिशेबानें अवघ्या ३२ चौकटी झाल्या. पाठीशीं चुंबकीय ड्रमवर १९२ पानांची जागा होती. कोणतें पान काढावें हें ठरविण्याचें काम त्या यंत्रांत एका लहानशा प्रोग्रॅमकडे सोंपविलेलें होतें. म्हणजे 'काय टाकावें' हा प्रश्न या योजनेबरोबरच जन्मास आला म्हणावयाचा.

त्याचें सर्वांत साधें उत्तर असें, कीं जें पान आधीं आलें तें आधीं जावें. मेजावर जें पुस्तक सर्वांत पूर्वीं आणलें तें उचलावें. मध्यंतरीं तें किती वेळां उघडलें याचा विचारच करूं नये. या नियमास इंग्रजी आद्याक्षरांवरून 'फिफो' म्हणतात. तो राबविण्यास फार सोपा. पानांची एक रांग धरावी, पुढचें काढावें, नवें मागें जोडावें, इतकेंच. दुसरें उत्तर थोडें विचाराचें आहे: ज्या पानास सर्वांत अधिक काळ हात लागलेला नाहीं, तें काढावें. याचें नांव 'एल्. आर्. यू.' नुकतें जें वाचलें तें पुन्हां लवकर लागण्याचा संभव अधिक, ही त्यामागची समजूत. तिसरें उत्तर आदर्श म्हणतां येईल असें आहे: जें पान पुढें सर्वांत उशिरां लागणार असेल, किंवा मुळींच लागणार नसेल, तें काढावें. यास 'ऑप्टिमल' म्हणजे उत्तम नियम म्हणतात. मात्र यासाठीं पुढें काय लागणार हें आधीं कळावें लागतें, आणि तें यंत्रास कळत नाहीं. या अडचणीकडे आम्ही पुढें वळूं.

आतां एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. एका प्रोग्रॅमचीं पांच पानें आहेत; त्यांस क, ख, ग, घ आणि च म्हणूं. प्रोग्रॅम चालतांना त्यास तीं पुढील क्रमानें बारा वेळां लागतात:

क, ख, ग, घ, क, ख, च, क, ख, ग, घ, च

वाचकांनीं पुठ्ठ्याच्या पांच तुकड्यांवर हीं अक्षरें लिहून पुढील हिशेब स्वतः करून पाहावा. नुसतें वाचण्यापेक्षां त्यांत अधिक गंमत आहे. आम्हीं वर्गांत तो असाच केला.

प्रथम फिफोचा नियम आणि तीन चौकटी. आरंभीं सर्व रिकाम्या, म्हणून क, ख, ग यांच्या तीन खेपा अटळच. चौथें घ येतें तेव्हां सर्वांत पूर्वीं आलेला क बाहेर जातो. लगेच पांचव्या मागणीस तोच क हवा होतो! त्यासाठीं खेप होते आणि ख जातो. मग ख हवा, तर ग जातो. मग च हवें, तर घ जातें. येथवर सात मागण्या झाल्या आणि सातही वेळां खेप पडली. आतां मेजावर क, ख, च आहेत. पुढच्या दोन मागण्या क आणि ख यांच्याच असल्यामुळें त्या बसल्या जागीं भागतात. नंतर ग येतांना क जातो, घ येतांना ख जातो. शेवटची मागणी च हिची, आणि तें अद्याप मेजावरच आहे. एकूण खेपा नऊ.

नऊ खेपा पुष्कळ झाल्या. तेव्हां मेज मोठें करूं, चौथी चौकट देऊं. आतां खेपा किती होतील, असें आम्हीं वर्गास विचारलें, तेव्हां कोणी सात म्हणालें, कोणी आठ. 'फार तर नऊच राहतील' असें एका सावध विद्यार्थ्यानें सांगितलें. नंतर पुठ्ठे मांडून मोजणी सुरू झाली. क, ख, ग, घ या चार खेपा. पुढें क आणि ख हवे, ते मेजावर आहेतच, खेप नाहीं. येथवर चौथी चौकट आपलें काम चोख करीत आहे. मग च येतें, पांचवी खेप. रांगेंत सर्वांत पुढें क आहे, म्हणून तो जातो. पण लगेच क हवा! सहावी खेप, ख जातो. लगेच ख हवा, सातवी, ग जातो. लगेच ग हवा, आठवी, घ जातें. लगेच घ हवें, नववी, च जातें. आणि शेवटीं हवें असतें नेमकें तेंच च. दहावी खेप!

तीन चौकटींत नऊ, चार चौकटींत दहा. विद्यार्थ्यांनीं आपली मोजणी चुकली असें समजून ती पुन्हां दोनदां केली; उत्तर तेंच आलें. त्यांचा अविश्वास अगदीं स्वाभाविक होता. कपाट मोठें केल्यानें कपडे मावेनासे झाले, असें कोणी सांगितलें तर आपण मानूं काय? परंतु येथें कोठेंही चूक नाहीं. अमेरिकेंतील आय्. बी. एम्. कंपनीच्या संशोधनशाळेंत काम करणारे लास्लो बेलाडी, आणि त्यांचे सहकारी नेल्सन व शेडलर यांनीं १९६९ सालीं हा चमत्कार एका निबंधाद्वारें प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून त्यास 'बेलाडीची विसंगति' असें म्हणतात. बेलाडी हे मूळचे हंगेरीचे. बुडापेस्ट येथें १९२८ सालीं त्यांचा जन्म झाला.

असें कां व्हावें? याचें उत्तर सातव्या मागणीनंतर दोन्ही मेजें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं कीं मिळतें. लहान मेजावर त्या वेळीं क, ख, च आहेत. मोठ्या मेजावर ख, ग, घ, च आहेत. मोठ्या मेजावर एक पान अधिक आहे खरें. पण लहान मेजावर असलेला क त्यावर नाहीं! आणि पुढची मागणी कची आहे. जागा वाढविली म्हणजे पूर्वींचें सर्व कांहीं राहून वर आणखी कांहीं मिळेल, असें आपण मनाशीं गृहीत धरलेलें असतें. फिफोच्या नियमांत तें गृहीतच खोटें ठरतें.

याच्याही मुळाशीं जाऊं. लहान मेजावरून क एकदां बाहेर गेला होता आणि नुकताच परत आला होता. म्हणून रांगेंत तो मागें, म्हणजे 'नवा' ठरला आणि टिकला. मोठ्या मेजावरून तो कधीं गेलाच नाहीं. त्याची मागणी आली तेव्हां तो जाग्यावरच होता. म्हणून त्याचें रांगेंतील स्थान बदललें नाहीं, तो 'जुना' राहिला आणि पहिल्या संधीस बाहेर पडला. क जाग्यावर हजर राहिला हाच जणूं त्याचा अपराध ठरला! फिफो आगमनाचा क्षण पाहतो, उपयोगाचा क्षण पाहत नाहीं, आणि चौकटींची संख्या बदलली कीं आगमनाचे क्षण सगळेच बदलतात. दोन मेजांवरील रांगा मग एकमेकींशीं संबंध नसल्यासारख्या चालतात. केव्हां मोठें मेज जिंकतें, आणि बहुधा तेंच जिंकतें, हें येथें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण केव्हां तरी तें हरतें. आमच्याच उदाहरणांत चौकट एक किंवा दोन दिल्यास बाराही मागण्यांना खेप पडते, तीन दिल्यास नऊ, चार दिल्यास दहा, आणि पांच दिल्यास केवळ पांच. उतरत्या जिन्यावर मध्येंच एक पायरी वर चढलेली असावी तसें हें दिसतें, आणि विसंगति ओळखण्याची खूणही हीच: मागण्यांचा तोच क्रम निरनिराळ्या संख्येच्या चौकटींवर चालवून खेपा मोजावयाच्या, आणि आंकडा कोठें वर जातो तें पाहावयाचें.

आतां आदर्श नियमाकडे वळूं. तीन चौकटी देऊन त्याच बारा मागण्या त्याच्यापुढें ठेवल्या, तर घ येतांना तो पुढें नजर टाकतो. क लगेच हवा आहे, ख त्यामागून हवा आहे, ग मात्र फार पुढें. म्हणून ग जातो. क आणि ख विनासायास मिळतात. च येतांना सर्वांत दूरची मागणी घची असल्यामुळें घ जातें. पुन्हां क आणि ख जाग्यावर. नंतर ग व घ यांच्या दोन खेपा होतात. त्यांस जागा देण्यास क आणि ख जातात, कारण त्यांचें काम संपलेलें आहे. शेवटचें च मेजावरच असतें. एकूण सात. चार चौकटी दिल्यास सहा. पांच पानें एकेकदां आणलींच पाहिजेत, हें लक्षांत घेतां सहा हा आंकडा फारच चांगला.

याहून कमी खेपांत कोणताही नियम काम उरकूं शकणार नाहीं. आणि याचें कारण थोडक्यांत असें. दोन पानांपैकीं एक काढावयाचें आहे. एक लवकर लागणार आहे, दुसरें उशिरां. लवकर लागणारें काढलें तर त्याची खेप लवकरच पडणार. उशिरां लागणारें काढलें तर ती खेप पुढें ढकलली जाते, आणि तोंवर कदाचित् प्रोग्रॅमच संपून जातो. लवकरचें काढून कोणताही फायदा साधत नाहीं. बेलाडी यांनीं १९६६ सालच्या आपल्या निबंधांत या नियमाचा उपयोग मोजपट्टीसारखा केला, आणि आजही त्याचा खरा उपयोग तोच आहे. प्रोग्रॅम एकदां चालवावा, त्यास कोणतीं पानें कोणत्या क्रमानें लागलीं याची नोंद ठेवावी, आणि मग ती नोंद समोर ठेवून सावकाश हिशेब करावा कीं सर्वज्ञ माणसानें हें काम किती खेपांत केलें असतें. आपल्या नियमास नऊ खेपा लागल्या आणि सर्वज्ञास सात, तर सुधारणेस वाव फक्त दोनांचा आहे हें तेव्हांच कळतें. चालत्या कामांत मात्र या नियमाचा आधार घेतां येत नाहीं.

राहिला एल्. आर्. यू. त्याचा हिशेब चार चौकटींनीं केल्यास आठ खेपा येतात; फिफोच्या दहांपेक्षां दोन कमी. तीन चौकटींनीं केल्यास मात्र दहा येतात, म्हणजे फिफोहून एक अधिक! हें आम्ही मुद्दाम सांगतों. कारण हा नियम प्रत्येक प्रसंगीं सरस ठरतो असा समज होऊं नये. फरक पडतो तो अखेरच्या मागणींत. ग आणावयाचा तेव्हां क आणि ख यांस नुकताच हात लागलेला होता, म्हणून या नियमानें च काढून टाकलें. आणि शेवटीं नेमकें तेंच लागलें. नुकत्याच झालेल्या गोष्टीवरून पुढचें अनुमान करणें बहुधा साधतें, पण नेहमींच साधतें असें नाहीं. पांच पानें एकामागून एक चक्राकार वाचणारा प्रोग्रॅम असेल आणि चौकटी चार असतील, तर हा नियम दर वेळीं नेमकें पुढें लागणारें पानच काढून टाकतो, आणि प्रत्येक मागणीस खेप पडते.

तथापि एक गोष्ट याच्याकडून कधींही होत नाहीं. चौकटी वाढल्यानें त्याच्या खेपा वाढल्या, असें कधींच घडत नाहीं. याचा पुरावा इतका सरळ आहे कीं तो माध्यमिक शाळेंतील मुलासही समजावा. तीन चौकटी असतील, तर एल्. आर्. यू. पाशीं कोणत्याही क्षणीं कोणतीं पानें असतात? शेवटीं वापरलेलीं तीन भिन्न पानें. चार चौकटी असतील तर? शेवटीं वापरलेलीं चार भिन्न पानें. शेवटचीं तीन हीं शेवटच्या चारांत असणारच. म्हणून लहान मेजावर जें आहे तें मोठ्या मेजावर आहेच आहे. आणि लहान मेजावर जी मागणी बसल्या जागीं भागते, ती मोठ्यावरही भागतेच. क पान एकदां बाहेर जाऊन आलें किंवा जाग्यावरच राहिलें, या गोष्टीस येथें किंमत नाहीं. त्यास शेवटचा हात केव्हां लागला इतकेंच पाहिलें जातें, आणि तो क्षण मेजाच्या आकारावर अवलंबून नसतो. फिफोंत जें गृहीत खोटें ठरलें, तें येथें खरें ठरतें. आय्. बी. एम्. मधील मॅटसन, गेक्सेई, स्लुट्झ व ट्रेगर यांनीं १९७० सालीं हा गुण ज्या ज्या नियमांत असतो त्यांचा एक वर्गच वेगळा काढला. आदर्श नियमही त्याच वर्गांतला आहे.

मग सर्व यंत्रांत एल्. आर्. यू. च कां नसावा? अडचण व्यवहाराची आहे. स्मृतीस एका सेकंदांत कोट्यवधि वेळां हात लागतो. प्रत्येक वेळीं कोणत्या पानास केव्हां हात लागला हें टिपून ठेवावयाचें म्हटलें, तर टिपण्याचेंच काम मूळ कामाहून जड होईल. म्हणून यंत्रें एक तडजोड करतात. प्रत्येक पानापाशीं एकच खूण असते. पानास हात लागला कीं ती आपोआप उमटते. पानें घड्याळाच्या तबकडीसारखीं वर्तुळांत मांडलेलीं असून त्यांवरून एक कांटा फिरतो. पान काढावयाचें झालें कीं कांट्याखालील पान पाहावयाचें. त्यावर खूण असेल तर ती पुसून त्यास एक संधि द्यावयाची आणि पुढें सरकावयाचें. खूण नसेल तर तेंच काढावयाचें. ही घड्याळाची युक्ति अमेरिकेंतील फर्नांडो कॉर्बाटो यांनीं मल्टिक्स नांवाच्या संगणकव्यवस्थेसाठीं १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस योजिली, आणि तिचीं निरनिराळीं रूपें अद्याप प्रचारांत आहेत.

ही युक्ति बहुतेक वेळीं एल्. आर्. यू. च्या जवळपास पोहोंचते. परंतु सर्वच पानांवर खुणा असतील, तर कांटा एक संपूर्ण फेरा घालून त्या पुसतो आणि जेथून निघाला त्याच पानाशीं येऊन तें काढतो. म्हणजे ती साक्षात् फिफोच होऊन बसते, आणि फिफोबरोबर त्याची विसंगतिही दाराशीं येते.

ही विसंगति वाढून किती वाढेल, याविषयीं १९६९ च्या त्या निबंधांतच एक अंदाज होता. मोठ्या मेजावरील खेपा लहान मेजावरील खेपांच्या जवळजवळ दुप्पट होतील असे क्रम बेलाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रचून दाखविले, आणि दुपटीपलीकडे हें प्रमाण जाणार नाहीं असा तर्क केला. चाळीस वर्षांहून अधिक काळ तो तर्क तसाच होता. अखेर २०१० सालीं पेटर फोर्नाई आणि अंताल इवान्यी यांनीं तो चुकीचा असल्याचें सिद्ध केलें. दुप्पट काय, दसपट काय, शंभरपट काय, हवें तितकें प्रमाण धरावें. मेज मोठें केल्यानें खेपा तितक्या पट वाढतील असा मागण्यांचा क्रम रचतां येतो.